गुडघ्याच्या पलीकडचं

सकाळच्या वॉकला माणसाचं नाव सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळतो त्याचा गुडघा, मग त्याची साखर, मग झोप किती वाजता मोडते ते, आणि हे सगळं पाठ झाल्यावर एक दिवस तो आलेला नसतो आणि आपण बाकीच्यांना विचारतो, "अरे ते हे कुठायत आज?" आणि सगळ्यांना बरोबर कळतं कोण हे. म्हणजे नावाची तशी गरज कुणालाच नसते. माझ्या फोनमध्ये असे तीन नंबर सेव्ह होते, वॉक टोपी, वॉक निळी बाटली आणि जिम स्क्वॉट. मी त्यांच्या फोनमध्ये कोण आहे हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

हे सगळं मस्त चालू होतं हो, रोज हसणं, रोज गप्पा. प्रॉब्लेम एवढाच की गेटच्या बाहेर पडलं की सगळं बंद. एकदा संध्याकाळी रस्त्यात एक गृहस्थ माझ्याकडे बघून हसले, मीही ओळख नसताना हसतात तसं अर्धं हसलो आणि पुढे गेलो, आणि पन्नास पावलांवर ट्यूब पेटली की ही तर निळी बाटली! फुल पँटमध्ये आणि बाटलीशिवाय मी या माणसाला कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "काल तुम्हीच होतात ना? मी म्हटलं हे इस्त्रीचा शर्ट वगैरे घालतात?" म्हणजे दोन्हीकडे हीच बोंब. तेव्हा डोक्यात आलं की रोज भेटणाऱ्या माणसाशी आपली मैत्री आहे की नुसती वेळ जुळलीय.

मग मी वाचायला लागलो. (हा माझा जुना रोग, करायचं काही नसलं की वाचायचं.) अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी नवीन गावात राहायला आलेली मोठी माणसं आणि कॉलेजची नवी पोरं घेऊन, ओळखीची मैत्री व्हायला किती तास लागतात याचा चक्क अंदाज काढला, 2018 साली छापून आलाय. साधारण 50 तास एकत्र घालवले की ओळखीचा माणूस जुजबी मित्र होतो, 90 च्या आसपास मित्र म्हणता येतो आणि जवळच्या मित्राला 200 च्या वर. आकडे सरासरीचे आहेत, मीटर लावून मोजायचे नाहीत, पण मी तेच केलं.

जिमचा हिशोब आधी बघा. तिथे गप्पा म्हणजे दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत, दीड-दोन मिनिटं, त्यातलं निम्मं धापा टाकण्यात जातं आणि उरलेलं निम्मं समोरचा एक कान हेडफोनमधून मोकळा करतो त्यात. विषय जरा रंगात आला की "चल, एक मारतो" म्हणून माणूस परत बेंचवर आडवा. धरून चाला, खरं बोलणं दिवसाला दहा मिनिटं, आठवड्याला चार दिवस. म्हणजे आठवड्याला 40 मिनिटं, 50 तासांना 75 आठवडे, दीड वर्षाच्या जवळपास. आणि जवळचा मित्र व्हायला 300 आठवडे, म्हणजे पावणेसहा वर्षं! तोपर्यंत एकाची तरी मेंबरशिप संपते.

वॉकचं गणित ऐकायला भारी आहे. रोज पाऊण तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे पावणेचार तास. 50 तास साडेतीन महिन्यांच्या आत, 200 तास साधारण वर्षभरात. मग इतकी वर्षं चालणारी आमची गँग एकमेकांच्या घरचा सदस्य का नाही झाली?

कारण दोन, आणि दोन्ही रोज डोळ्यासमोर होती. एक म्हणजे आम्ही सहा जण. रॉबिन डनबर म्हणून एक ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं मोकळेपणी गप्पा मारतात तेव्हा किती जण एका बोलण्यात टिकतात ते बघितलंय, चारच्या पुढे गेलं की गप्पांची फाळणी होते. आमच्या ट्रॅकवर तर तीनच जण शेजारी-शेजारी मावतात, म्हणजे दोन रांगा, आणि मागच्या रांगेतल्याला पुढच्याचं अर्धंच ऐकू येतं. मी मागच्या रांगेत असायचो, कित्येक दिवस मला वाटत होतं टोपीवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय, ते भाचीचं होतं, आणि मोडलंही होतं, आणि मी दोनदा अभिनंदन केलं होतं. सहा जणांत पाऊण तास चाललो म्हणजे प्रत्येकाशी पाऊण तास बोललो असं होत नाही, आपल्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. दुसरं कारण असं की हॉलच्या अभ्यासात नुसतं जवळपास असणं फारसं कामाचं नव्हतं, एका ऑफिसात, एका वर्गात घालवलेल्या तासांनी मैत्री फार वाढत नव्हती. मोजले जातात ते तास जे आपण मुद्दाम, रिकामपणी एकमेकांसाठी काढतो, आणि त्यात काय बोलतो तेही महत्त्वाचं. आमचं बोलणं काय, तर "आज गार आहे", "आज गार नाही", गुडघा, आणि स्टेप किती झाल्या. यावर 200 तास काय 2000 काढले तरी गुडघाच राहणार.

तर मी आधी रांग मोडली. युक्ती एकदम फालतू आहे, बुटाची लेस सुटली म्हणून खाली बसायचं. सगळे पुढे जातात, एखादा थांबतोच. निळी बाटली थांबायचे. मग आम्ही दोघं मागे आणि बाकी चौघं पुढे, आणि दोघांतलं बोलणं वेगळंच असतं राव, पळवाट नसते ना, एकजण गप्प बसला की दुसऱ्याला काहीतरी खरं बोलावं लागतं. शिवाय चालताना दोघंही समोर बघतात, डोळ्यात डोळे घालायला लागत नाहीत, त्यामुळे समोरासमोर बसून जे तोंडातून निघणार नाही ते निघतं. एक दिवस ते म्हणाले, "रिटायर झाल्यापासून घरात मी कुठे बसायचं तेच कळत नाही, जिथे बसतो तिथून कुणीतरी उठवतं." मी हसलो, तेही हसले, पण ते गंमत म्हणून बोलले नव्हते हे दोघांना कळलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय, मिळाली का जागा?" बस एवढंच. पण माझा अनुभव असा की सगळं या दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नात आहे. गुडघा कसाय हे सगळेच विचारतात, काल जे सांगितलं त्याचं पुढे काय झालं हे विचारणारा एखादाच.

आता गेटच्या बाहेर पडायचं होतं आणि खरी परीक्षा तिथे. "कधीतरी भेटू या की निवांत" हे वाक्य मी इतक्यांना म्हटलंय आणि इतक्यांनी मला म्हटलंय की ते आता बाय म्हणायचाच एक प्रकार झालाय. त्याला वार नाही, वेळ नाही, काम नाही, तर माणूस येणार कुठे? बरं घरी बोलवावं तर ते एकदम भारी होतं, घरचे आवराआवरी करणार, समोरचा काय न्यायचं विचार करत बसणार, आणि तीन तास संपणार कसे याची दोघांना धास्ती. हवं काहीतरी मधलं, ज्याला कारण आहे आणि जे आपोआप संपतं.

कारण पायातच होतं. माझ्या बुटांचे सोल टाचेकडून तिरके झिजले होते, आणि या बुटांचं साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये आतलं कुशन बसतं असं म्हणतात, माझ्या बुटांनी तो टप्पा कधीच मागे टाकलेला असणार. निळी बाटली या विषयातले दर्दी. तर मेसेज टाकायचा ठरवला, ग्रुपवर नाही, पर्सनल. तिथे सकाळच्या फुलांच्या फोटोंखेरीज आमचं काहीच नव्हतं, आणि त्या फुलांच्या खाली माझं ते वाक्य मी लिहितोय, पुसतोय, परत लिहितोय. यांना वाटेल हा चिकट आहे. यांना वाटेल याला दुसरं कुणी नाही. (नव्हतंच, पण ते कळायला कशाला हवं.) यावरही संशोधन आहे बरं का, तेही 2018 चंच, अनोळखी लोकांना बोलायला बसवलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं, तर आपण समोरच्याला जेवढे आवडलो असं लोकांना वाटत होतं त्यापेक्षा खरे जास्त आवडले होते, आणि एकत्र राहणाऱ्या पोरांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. हे सगळं माहीत असून माझा अंगठा सेंडवर जात नव्हता.

शेवटी गेलं ते असं: "शनिवारी संध्याकाळी सहाला बूट बघायला जातोय, तुम्हाला यातलं कळतं, तासभर याल का? नाही जमलं तर सकाळी आहोतच." दोन निळ्या टिक आल्या आणि मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर म्हणाले, "येतो की. उत्तर टाइप करायला चष्मा नव्हता." आणि मी रात्रभर जागा!

दुकानात पहिली दहा मिनिटं भयानक होती. चालत नसलो की बोलायचं कसं हेच दोघांना माहीत नाही, हात कुठे ठेवायचे माहीत नाही, शेवटी आम्ही नकळत रॅकभोवती फेऱ्या मारायला लागलो आणि बोलणं सुरू झालं. मग ते खुलले. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात म्हणून बूट संध्याकाळीच घ्यायचे, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडायची, दोन्ही पायांत घालून चालून बघायचं, आणि हे सगळं ते सेल्समनला सांगत होते, मला नाही. तासाचे अडीच तास झाले. बूट घेतलेच नाहीत, म्हणून पुढच्या शनिवारी परत जावं लागलं, आणि त्यांनी मुद्दाम घेऊ दिले नाहीत असा माझा संशय आहे. अहो-जाहो कधी सुटलं ते कुणी बघितलं नाही.

प्रत्येकाशी असं होत नाही, आणि करायलाही जाऊ नये. टोपीवाल्यांनाही मी एकदा विचारलं होतं, ते म्हणाले, "बघू," आणि पुढच्या वेळीही "बघू" म्हणाले, आणि त्यांनी स्वतःहून दुसरा वार काही सुचवला नाही. ज्याला यायचं असतं तो "शनिवार नको, रविवारी चालेल का" म्हणतोच. त्यांना सकाळचा पाऊण तासच हवा होता. आमचं अजून छान चाललंय, मी त्यांना भाचीबद्दल विचारत नाही आणि ते मला त्या दोन अभिनंदनांबद्दल. जिम स्क्वॉटने तर जिमच सोडली, नंबर तेवढा राहिलाय.

मध्ये निळ्या बाटलीचं चालणं डॉक्टरांनी बंद केलं, गुडघाच, दुसरं काय, आणि पोहायला सांगितलं. ट्रॅक सुटला, वेळ सुटली. मला वाटलं संपलं आता. पण रविवारी फोन आला, "पाण्यात बोलता येत नाही रे, वैताग आलाय, मोकळा आहेस का?" आता संध्याकाळी भेटतो आम्ही, चालत नाही, बसतो. आणि सकाळी ट्रॅकवर सगळे मलाच विचारतात, ते कसे आहेत, पाणी गार असतं का, गुडघा काय म्हणतो, आणि मी दोन्ही रांगांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रोजचं बुलेटिन देत असतो.