बिल बरोबर होतं, गोळी चुकली

“संध्याकाळी फार्मसीत चुका होतात त्या फक्त लक्ष नसल्यामुळे. माल नावांच्या एबीसी क्रमाने लावा, जास्त खपणारं काउंटरवर हाताशी ठेवा, आणि एका गिऱ्हाइकाचं चिठ्ठीपासून पैशांपर्यंत सगळं एकाच माणसाने करा. दोनदोनदा तपासत बसलात तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.”

हा आमच्या धंद्यात नेहमी ऐकू येणारा सल्ला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात माझी छोटी फार्मसी आहे. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते, माझी त्याहून फारशी मोठी नाही. दुपारी एक ते चार शटर खाली. साडेसहाला आसपासच्या डॉक्टरांचे दवाखाने भरतात आणि साडेआठपर्यंत काउंटरवर सात-आठ हात एकदम पुढे येतात. “रोखडें दी रे, बस वतली!” म्हणजे लवकर दे, बस जाईल, हे त्या दोन तासांत किती वेळा ऐकतो याची मोजदाद मी सोडली आहे. आम्ही दोघेच असतो, मी आणि एक मदतनीस मुलगा. वरच्या सल्ल्याप्रमाणेच बरीच वर्षं चालवलं. मग एका पावसाळ्यात जे झालं ते आधी सांगतो, कारण त्यात या सल्ल्याचे जवळजवळ सगळे भाग आले.

मधुमेहाची एक जोडगोळी आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. एकाच नावाने दोन ताकदींत मिळते. एकीत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, दुसरीत २, मेटफॉर्मिन दोन्हीत ५००. खोकं निळंच, एकाचा निळा थोडा गडद. आदल्या संध्याकाळी कुणीतरी २ वाल्या गोळ्या दहाच मागितल्या. पंधराची स्ट्रिप कापली, पाच गोळ्यांचा तुकडा काउंटरवर राहिला. गर्दी ओसरल्यावर मुलाने तो उचलून खोक्यात टाकला, १ वाल्या. एबीसीप्रमाणे ती दोन खोकी एकमेकांना टेकूनच होती, आणि तुकड्यावर नावाच्या शेपटीतला आकडा कात्रीने मधोमध गेला होता.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास एका आजींचा नातू चिठ्ठी घेऊन आला. १ वाली, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, दहा दिवस. म्हणजे वीस गोळ्या. मी खोकं उघडलं, एक अख्खी स्ट्रिप आणि वर ठेवलेला पाचाचा तुकडा, पंधरा आणि पाच वीस. बिल चिठ्ठी पाहून केलं. चिठ्ठीत १, बिलात १, खोक्यावर १. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने केलं, आणि तो माणूस पूर्ण लक्ष देऊन काम करत होता.

आजींनी काटकसरीच्या सवयीने कापलेला तुकडा आधी संपवायला घेतला. ग्लिमेपिराइड दिवसाला २ मिलिग्रॅमऐवजी ४ पोटात गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. शेजारणीच्या यंत्रावर साखर ५६. साखरपाणी दिल्यावर बरं वाटलं, पण घरच्यांनी शहाणपणा करून दवाखान्यात नेलं. या औषधाचा परिणाम बराच वेळ टिकतो, साखर एकदा वर आली तरी पुन्हा उतरू शकते. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली, दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवल्या आणि मला फोन केला.

आता एबीसीचं. औषध शोधायला ती चांगली आहे, मीही ती मोडलेली नाही. पण आपल्याकडे नावं अशी असतात की पहिली पाच-सहा अक्षरं तीच आणि फरक शेवटी: एम, एएम, एच, फोर्ट, १, २. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनचंच घ्या. नुसती ४०, ४० सोबत अ‍ॅम्लोडिपिन, ४० सोबत लघवी वाढवणारं औषध, सगळी एका रांगेत. घाईत डोळा नावाची सुरुवात वाचतो आणि शेपूट आपण मनानेच पुरी करतो. नेमकी गोंधळणारी नावं एकमेकांच्या कुशीत बसवणारी ही मांडणी आहे.

सगळं रॅक नव्याने लावायची गरज पडली नाही. दुकानातल्या अठरा जोड्या निवडल्या आणि प्रत्येकीतलं एक खोकं तिथून हलवून डाव्या हाताच्या खालच्या कप्प्यात नेलं. मूळ जागी प्लॅस्टिकचं जाड कार्ड उभं केलं: ‘२ वाली इथे नाही, खाली’. कागदी चिकटपट्ट्या आधी लावून पाहिल्या होत्या, जूनच्या दमटपणात त्या आठवड्यात गळून पडल्या. जोड्या कुठून निवडायच्या? ज्यात आमचीच चूक होता होता राहिली होती त्या आधी, मग एकाच खोक्याच्या दोन ताकदी. कानाचे थेंब आणि डोळ्यांचे थेंब तर वेगळ्या भिंतीवरच. फ्रिजमध्ये मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनच्या बाटल्या एका टोपलीत आणि १०० युनिटची कार्ट्रिजं दुसऱ्या टोपलीत, सिरिंजाही तशाच वेगळ्या, लाल टोपणाच्या ४० साठी आणि केशरी टोपणाच्या १०० साठी. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन ओढलं तर अडीचपट डोस जातो.

हाताशी ठेवण्याबद्दल माझं अर्धं मत त्या सल्ल्याकडे आहे. पित्ताचं पँटोप्राझोल काढायला दर वेळी शिडी चढावी असं कोण म्हणेल? पण हाताशी म्हणजे काउंटरवर ढीग नव्हे. ढिगातून हात चांदीच्या कागदाच्या ओळखीवर उचलतो, डोळा गिऱ्हाइकाकडे असतो. आमच्याकडे असे बारा प्रकार आता काउंटरखालच्या खणात आहेत, प्रत्येकाला आपला खाना, स्ट्रिपा उभ्या, नाव वर. काउंटरच्या फळीवर फक्त चालू चिठ्ठीचा ट्रे.

आणि या बारांत एक कधीच नाही, ते म्हणजे पॅरासिटामॉलचे बाळांचे थेंब. थेंबांत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपात ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. दहा किलोच्या पोराला सिरप ५ मिलिलिटर दिलं तर १२० मिलिग्रॅम जातं, किलोला १२, म्हणजे योग्य. सिरपाच्या जागी थेंबांची बाटली गेली आणि आईने तेच ५ मिलिलिटर मोजलं, तर ५०० मिलिग्रॅम. दोन्ही बाटल्यांवर तेच नाव, तेच फळाचं चित्र. थेंब माझ्या पाठीमागच्या कपाटात आहेत. ते काढायला मला वळावं लागतं, आणि वळण्याचा तो क्षण मला हवाच आहे.

एका माणसाने सगळं करण्यात सोय आहे, जबाबदारी स्पष्ट राहते, हे खरं. अडचण अशी की ज्याने चिठ्ठीत एकदा ‘१’ वाचून खोकं उघडलं, तो दुसऱ्यांदा पाहताना तेच पाहतो. दोन माणसं असतील तर काम तोडावं. साडेसहा ते साडेआठ मुलगा चिठ्ठी घेतो, माल काढतो आणि चिठ्ठीसकट एका ट्रेमध्ये ठेवतो. एक चिठ्ठी, एक ट्रे, दोन गिऱ्हाइकांचं एका ट्रेमध्ये कधीच नाही. तो ट्रे माझ्याकडे सरकतो, देतो मी. तसंही १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचं औषध देणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. मग फार्मासिस्टने गल्ल्यावर बसून सुटे मोजत राहण्यात काय अर्थ?

आणि एकटेच असाल तर? मुलगा सुटीवर असला की मीही एकटाच असतो. तेव्हा बिल चिठ्ठीवरून करायचं नाही, हातातल्या स्ट्रिपवरून करायचं. नाव, ताकद, बॅच, मुदत स्ट्रिपवर वाचून टाकायची, आणि मग तयार बिल चिठ्ठीच्या ओळींशी जुळवायचं. बॅच नंबर बिलात लिहावा लागतोच, त्यामुळे काम वाढत नाही, फक्त क्रम बदलतो. आजींच्या वेळी हे केलं असतं तर पंधराची एक बॅच आणि पाचाची दुसरी निघाली असती. तुकडा उलटून पाहावा लागला असता, आणि अर्ध्या कापलेल्या आकड्याने मला तिथेच थांबवलं असतं. चिठ्ठीवरून केलेलं बिल चिठ्ठीशी जुळणारच. त्याने गोळी तपासली जात नाही.

वेळेची भीती मलाही होती, म्हणून मोबाइलवर वेळ लावून पाहिली. चार औषधांचा ट्रे स्ट्रिप उलटून बघत द्यायला मला अर्धं मिनिटही लागत नाही. रांग थांबते ती दुसऱ्याच गोष्टींनी. कुणी बाम मागतं, कुणी पॅड, कुणाला पाचशेचे सुटे हवे असतात, आणि फोन. चिठ्ठी नसलेल्यांना आम्ही उजव्या टोकाला वळवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या याद्या साडेआठनंतरच काढतो. ट्रे अर्धा भरलेला असताना मुलाने फोन उचलायचा नाही, उचललाच तर त्या ट्रेची सुरुवात पहिल्या ओळीपासून पुन्हा. शेजारच्या दुकानात काही जण गेले असतील, नाही म्हणत नाही.

देताना बोलण्यातही एक बारीक गोष्ट आहे. “हे रमाकांतांचं ना?” असं विचारलं की घाईतला माणूस ‘हो’ म्हणून पिशवी उचलतो. “कोणासाठी आहे? डॉक्टरांनी कसं घ्यायला सांगितलंय?” असं विचारलं की त्यालाच सांगावं लागतं. आजींच्या नातवासारखं ‘ठाऊक नाही, मला फक्त आणायला सांगितलंय’ असं उत्तर आलं, तर स्ट्रिप समोर धरून नाव आणि आकडा मोठ्याने वाचतो. चिठ्ठीतलं अक्षर लागत नसेल, तर यातलं काहीच कामाचं नाही. आम्ही दोघांनी तेच चुकीचं वाचलं तर ट्रेही चुकीचा आणि तपासणीही. तिथे डॉक्टरांना फोन लावून नाव अक्षर-अक्षर परत म्हणून दाखवायचं, गिऱ्हाईक कितीही पाय आपटो.

तुकड्यांचा नियम सगळ्यात उशिरा बसला. ज्याने कापली त्यानेच, पिशवी हातात देण्याआधी, उरलेला तुकडा स्वतःच्या खोक्यात ठेवायचा, आणि कापायचं ते मुदत छापलेलं टोक उरलेल्या भागावर राहील असं. काउंटरवर बेवारस सापडलेला तुकडा कुणीही रॅकवर न्यायचा नाही. त्यासाठी लाल झाकणाचा एक डबा आहे. तो मी सकाळी, गर्दी नसताना, खिडकीच्या उजेडात उघडतो. आज त्यात तीन तुकडे होते. दोन ओळख पटून खोक्यात गेले. तिसऱ्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरली होती, तो मुदत संपलेल्या मालाच्या पेटीत टाकला.