बटण दाबलं म्हणजे कपडे धुतले असं नाही

आज दुपारी एका मैत्रिणीने नवऱ्यासाठी लिहिलेला मेसेज आधी मला पाठवला. "एकदम शांतपणे लिहिलाय, नजर टाक, मग त्याला पाठवते." शांतपणे! पहिलंच वाक्य: 'मी तुला दोष देत नाहीये, पण घरातलं साधं एक कामसुद्धा तुला कधी दिसत नाही.' पुढे पंधरा ओळी, पार लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा हिशेब. आणि शेवटी, 'बघ, जमलं तर विचार कर', वर एक हसरा चेहरा.

आधी तिच्या नवऱ्याचाच राग आला. मग हसू आलं. मग आठवलं की तीन वर्षांपूर्वी अगदी हाच मेसेज मी लिहिला होता, ओल्या कपड्यांवरून.

झालं होतं असं. रात्री नऊला मी नवऱ्याला म्हटलं, मशीन लाव. त्याने लावलं. सकाळी साडेसहाला झाकण उघडलं तर कपडे आत तसेच, एकमेकांत पिळे पडलेले, आणि तो कुबट वास. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, मशीन लाव म्हणालीस, लावलं की." वाईट याचंच वाटतं की तो खोटं बोलत नव्हता. मी सांगितलेलं काम त्याने केलं होतं. न सांगितलेली आठ कामं माझ्या डोक्यात होती.

कपडे पुन्हा धुवायला टाकून, ऑफिसला जाताना रागारागात टाइप केलं: 'कालसुद्धा कपडे तसेच. एकदा तरी स्वतःहून काही करशील का?' दोन मिनिटांत उत्तर, 'म्हणजे मी काहीच करत नाही?' आणि खाली त्याची यादी. बिलं, गाडी, बँक, गळका नळ. पुढचे दोन दिवस आम्ही फक्त 'हो', 'नाही' आणि 'किल्ली कुठंय' एवढंच बोललो.

(त्या यादीतली निम्मी कामं मी कधी मोजलीच नव्हती, हे मान्य. पण निम्मीच हं. गाडी रोज धुवायची नसते.)

तेव्हा लक्षात आलं की आपल्या भाषेत टोमणा मोठ्या शब्दांत नसतो, तो बारक्या शब्दांत लपतो. 'च', 'तरी', 'सुद्धा', 'साधं', 'एवढंसं'. 'कपडे मशीनमध्ये राहिले' ही झाली घटना. 'कपडे मशीनमध्येच राहिले' म्हटलं की त्याच्याकडे बोट गेलं. 'कधीच' आणि 'नेहमी' तर लिहूच नयेत. समोरचा लगेच त्याने केलेला तो एक दिवस शोधून आणतो आणि कपडे बाजूला राहून कोर्ट भरतं. आणखी एक चोरटा शब्द म्हणजे 'आपण'. 'आपण कपडे वेळेवर वाळत घालायला हवेत.' कोण आपण? त्यालाही कळतं की 'आपण' म्हणजे 'तू'.

'मदत' शब्द मैत्रिणीच्या मेसेजमध्ये चार वेळा होता. या शब्दावर माझं डोकंच फिरतं. मदत करणारा पाहुणा असतो. मदत मागितली की काम माझंच राहतं, त्याने फक्त थोडा वेळ हात लावायचा आणि आठवण ठेवायचं खातं माझ्याकडे! मला हात नको होते, मला ती आठवण डोक्यातून काढून दुसऱ्याच्या डोक्यात ठेवायची होती.

म्हणून मी कपड्यांचं काम कागदावर मांडलं. टोपली भरली हे बघणं. रंग जाणारे वेगळे काढणं. खिसे तपासणं. पावडर संपत आली का बघणं. मशीन लावणं. संपल्याबरोबर बाहेर काढणं. वाळत घालणं. घड्या. कपाटात ठेवणं. नऊ झाली. त्यातलं बटणाचं एक काम तो करत होता, आणि आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं की कपडे 'तो करतो'.

मग दुसरा मेसेज लिहिला. त्याच दिवशी नाही, शुक्रवारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. रात्री अकराला लिहिलेला कुठलाही मेसेज शांत नसतो, आणि मीटिंगमध्ये वाचलेल्या मेसेजला अंगठाच मिळतो.

'मंगळवारी कपडे रात्रभर मशीनमध्ये राहिले, बुधवारी निघायच्या घाईत मी ते परत धुतले आणि दिवसभर वैतागलेली होते. कपड्यांची आठवण ठेवायचं काम माझ्या डोक्यातून उतरावं असं वाटतंय. टोपली भरल्यापासून घड्या कपाटात जाईपर्यंत सगळं तू घेशील का? मी मध्ये बोलणार नाही. बदल्यात तुझ्याकडचं काही मला द्यायचं असेल तर सांग. रविवारी सकाळी ठरवू.'

बस. एक प्रसंग, माझं काय झालं, एक संपूर्ण काम, बोलायची वेळ. बाकीच्या शंभर तक्रारी होत्याच, त्या गिळल्या. एका मेसेजमध्ये दोन मागण्या घातल्या की सोपी तेवढी पूर्ण होते. आणि 'जमलं तर' लिहिलं की न जमायची सोय आपणच करून देतो.

आता कुणीतरी म्हणणारच, करायचंही आम्ही आणि गोड शब्दांत मागायचंही आम्ही? हो ना! हा मेसेज लिहिणं हेही घरकामच आहे, आणि तेही माझ्याच वाट्याला आलं, याचा राग आत्ता टाइप करतानाही येतोय. त्याने कधी रात्री बसून विचार केला असेल का, की हिला दुखावणार नाही असं कसं लिहू? जाऊ दे. (आणि जिथे बायकोला नवऱ्याच्या उत्तराची भीती वाटते, तिथे शब्द मऊ करून काही होत नाही. तो वेगळाच विषय आहे.)

त्याचं उत्तर आलं: 'घेतो. पण कधी लावायचं ते मी ठरवणार.' मला टोचलं. माझा दिवस मंगळवार! पण ठरवणंही कामातच येतं. ते मी ठेवून घेतलं असतं तर तो पुन्हा बटणावरच आला असता.

तिसऱ्या आठवड्यात दोन पांढरे शर्ट फिकट गुलाबी झाले. मी ओठ आवळून बसले. पाचव्या आठवड्यात मात्र माझीच चूक. खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग दोन दिवस बघवला नाही, म्हणून रात्री गुपचूप घड्या घातल्या. पुढच्या आठवड्यात ढीग तसाच. विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं घड्यांचं तू परत घेतलंस." परत रविवारी दहा मिनिटं बसलो. 'का राहिलं' असं न विचारता 'काय राहिलं' एवढंच विचारलं, तर म्हणाला, घड्या उभ्यानेच घालाव्या लागतात आणि पाठ दुखते. टेबल सरकवलं. एवढंच होतं ते.

आजही तो घड्या चुकीच्या घालतो. बाह्या आत घेत नाही.

मैत्रिणीला म्हटलं, पंधरातल्या तेरा ओळी काढ, हसरा चेहरा काढ, एकच काम निवड. तिने मुलाच्या शाळेचं निवडलं, म्हणजे निरोप, वह्या, सह्या, फी, सगळं. साडेचारला पाठवला. त्याचं उत्तर आलंय: 'सह्या कुठे करायच्या असतात?'

तिने चिडून मला स्क्रीनशॉट पाठवला. मी लिहिलं, अगं, विचारतोय तो. सांग ना.