बाळाच्या फुफ्फुसातलं पाणी जातं कुठे?

प्रतिक्रिया (एक वाचक, तासगाव):
"तुमचा लेख वाचला, पटला नाही. बाळ वाटेनं येताना छाती दाबली जाते आणि पाणी पिळून बाहेर पडतं, हे आमच्या सुईणीही सांगायच्या. तुम्ही ते शरीरात 'शोषलं जातं' म्हणता! माझ्या नातवाचं सिझर सदतिसाव्या आठवड्यात मुहूर्त बघून केलं. वजन पावणेतीन किलो, सगळं चांगलं. तरी दोन दिवस पेटीत ठेवलं, म्हणे छातीत पाणी राहिलंय. दाबच मिळाला नाही तर पाणी निघणार कसं? आणि सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, हे तुम्ही हसण्यावारी नेलंत, तेही बरोबर नाही."

काकू, नातवाचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. तुमचा प्रश्न त्याच्यावरच नीट उलगडता येतो.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू. बाळ गर्भजल श्वासात ओढतं म्हणून ते छातीत साठतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात ते फुफ्फुसाचं अस्तरच तयार करतं. अस्तराच्या पेशी क्लोराइड आतल्या पोकळीत सोडत राहतात आणि त्यामागोमाग पाणी येतं. दिवस भरलेल्या बाळात ते किलोमागे साधारण २५ ते ३० मिली असतं, म्हणजे तुमच्या नातवाच्या छातीत ७० ते ८० मिली, टपरीवरचा एक कटिंग चहा. हे पाणी निरुपयोगी नाही. त्याच्या दाबावरच फुफ्फुस ताणलेलं राहतं आणि वाढतं. गर्भजल फार लवकर आटलं आणि हे पाणी बाहेर झिरपत राहिलं, तर फुफ्फुस खुरटं राहतं.

वाढीचे टप्पे थोडक्यात सांगते. चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या मुळाशी एक कोंब फुटतो. सतराव्या आठवड्यापर्यंत त्याला फांद्या फुटून हवेच्या नळ्यांचं सगळं जाळं तयार होतं, पण हवा-रक्ताची देवाणघेवाण करायला जागा नसते. सोळा ते सव्वीस आठवड्यांत केशवाहिन्या नळ्यांच्या टोकांना येऊन भिडतात आणि सर्फॅक्टंट, म्हणजे श्वास सोडल्यावर फुफ्फुसातल्या पिशव्या मिटू न देणारा पदार्थ, बनवणाऱ्या पेशी दिसू लागतात. पुढे छत्तीस आठवड्यांपर्यंत पातळ भिंतींच्या पिशव्या फुगत जातात. खरे वायुकोश छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि बहुतेक जन्मानंतरच बनतात. म्हणजे सदतिसाव्या आठवड्यात बांधकाम पुरेसं झालेलं असतं. अडतं ते पाण्याचं.

पाणी सोडणाऱ्या याच अस्तराला ते उलट ओढून घ्यायचं असतं. त्यासाठी पेशींमधली सोडियमची दारं उघडावी लागतात आणि ती उघडतात कळांमध्ये बाळाच्या रक्तात चढणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनमुळे. शेवटच्या आठवड्यांत वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या दारांची संख्या वाढवून ठेवतं. कळा सुरू झाल्या की पाणी बनणं थांबतं आणि शोषण सुरू होतं.

मग उरलेलं काम पहिले श्वास करतात. जपानमध्ये सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्रातल्या अतितीव्र क्ष-किरणांनी सशाच्या नवजात पिल्लांची फुफ्फुसं हवेनं भरताना टिपली गेली; ते काम २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की हवा मुख्यतः श्वास आत घेताना पुढे सरकते. छाती फुगते, आतला दाब उतरतो आणि पाणी वायुकोशांच्या भिंतीतून आजूबाजूच्या ऊतींमध्ये ढकललं जातं. तिथून रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या ते काही तासांत उचलतात.

दाबाचा वाटा शून्य नाही. कळांमध्ये बाळाची पाठ वाकते, छातीवर दाब येतो, थोडं पाणी नाकातोंडातून येतं. सुईणींनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असणार. पण कळा सुरू झाल्यावर सिझर झालेलं बाळ वाटेनं येत नाही, तरी त्याला छातीत पाणी राहण्याचा त्रास कळांआधी सिझर झालेल्या बाळापेक्षा कमी होतो. नुसत्या पिळण्यानं काम होत असतं, तर हा फरक पडला नसता.

आता नातवाकडे येऊ. कळा नाहीत, अ‍ॅड्रेनलिनची लाट नाही, कॉर्टिसॉलही अजून पुरतं चढलेलं नाही. पाणी ऊतींत गेलं, पण तिथून हळू हटलं. तिथला दाब वाढला की श्वास सोडताना ते परत वायुकोशांत उतरू पाहतं. त्याला अडवायला बाळ श्वास सोडताना कंठ आवळतं आणि तोच 'हुं-हुं' असा कण्हण्याचा आवाज. शांत झोपलेलं बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं. इथे ते ८०च्या वर जातं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो. एवढ्या वेगात तोंडानं पाजलं तर दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती, म्हणून नळीनं दूध किंवा सलाईन. ऑक्सिजन किंवा नाकातून हलका दाब दिला की बहुतेक बाळं २४ ते ७२ तासांत सुधारतात. तसं झालं नाही, किंवा ४० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागू लागला, तर जंतुसंसर्ग किंवा सर्फॅक्टंटची कमतरता शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट डॉक्टर त्या दोन दिवसांत बघत असतात, ती रक्ताभिसरणाची. पोटात असताना फुफ्फुसाच्या वाहिन्या आवळलेल्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं जेमतेम १० ते २० टक्के तिकडे जातं. बाकीचं हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतून आणि महाधमनीला जोडणाऱ्या नळीतून वळसा घेतं. हवा भरली, ऑक्सिजन वाढला की त्या वाहिन्या सैल पडतात आणि फुफ्फुसातून भरपूर रक्त डाव्या कप्प्यात परत येतं. तिथला दाब वाढून झडप मिटते. नाळ बांधली की वारेचा सैल रस्ता बंद होऊन शरीराकडचा दाब चढतो. जोडनळी मात्र लगेच मिटत नाही, एक ते तीन दिवस घेते. या काळात ऑक्सिजन फार उतरला तर फुफ्फुसाच्या वाहिन्या पुन्हा आवळतात आणि अशुद्ध रक्त उघड्या नळीतून शरीरात जाऊ लागतं. ते ओळखायला ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि एका पायाला लावतात. उजव्या हाताचं रक्त नळीच्या आधी फुटतं, पायाचं नंतर. पायाचा आकडा ५ ते १० नी कमी आला की बाळाचा त्रास नुसत्या छातीत राहिलेल्या पाण्याचा उरलेला नाही. जतसारख्या लांबच्या तालुक्यात हे दिसलं तर मिरजेला हलवायला उशीर करू नये.

मुहूर्ताला माझा विरोध नाही. ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा काढा, एवढंच. अमेरिकेत पुन्हा सिझर ठरलेल्या बायकांच्या २००९ सालच्या अभ्यासात श्वासाचा त्रास, साखर उतरणं, अतिदक्षता विभागात जाणं अशा अडचणी मिळून सदतिसाव्या आठवड्यात १५.३ टक्के बाळांना आल्या, अडतिसाव्यात ११ आणि एकोणचाळिसाव्यात ८ टक्के. आठवडे मात्र पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून मोजा. पाळी अनियमित असेल तर हिशेबातले ३९ आठवडे खरे ३७ निघू शकतात. आईचा रक्तदाब वाढलाय, बाळाची वाढ खुंटलीय, असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबणंच धोक्याचं.

आठव्या महिन्याचं म्हणाल तर मी हसले नव्हते. सर्फॅक्टंट आठवड्यागणिक वाढतच जातं, मध्येच घटत नाही, त्यामुळे बत्तीस आठवड्यांचं बाळ अठ्ठाविसाच्या बाळापेक्षा तग धरायला चांगलंच. या समजुतीचा तोटा असा की आठव्यात कळा आल्या की घरचे धीर सोडतात आणि उशीर करतात. २४ ते ३४ आठवड्यांत अकाली कळा आल्या, तर आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची इंजेक्शनं दर १२ तासांनी चार वेळा देतात, बाळाचं फुफ्फुस लवकर तयार व्हावं म्हणून. पुढे पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातली एएनएमसुद्धा देऊ शकते. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तशी तरतूद आहे. तेव्हा गाडी येईपर्यंत तिथेच विचारून घ्या.