वॉरंटी घालवण्याचे घरगुती उपाय

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर घरात गेम खेळायचा कन्सोल आलाय, गल्लीत कुंदा वाटून झालाय, तर आता लगेच वॉरंटी घालवायच्या तयारीला लागा. वर्ष बघता बघता सरतं, उगाच उशीर नको. मी स्वतः हा मार्ग शेवटपर्यंत चाललेला माणूस आहे, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

सुरुवात दुकानातच करायची. दुकानदार विचारतो, "पक्कं बिल पाहिजे काय अण्णा? जीएसटी लागतंय बघा." आपण हसून म्हणायचं, "कशाला ओ, कच्चंच द्या की." मग एका चिठोऱ्यावर तो 'गेम मशीन 1' असं लिहून खाली आकडा टाकतो. त्यावर ना दुकानाचा जीएसटी नंबर, ना मशीनचा सीरियल नंबर. असा कागद जपून पाकिटात ठेवावा, देवाच्या अंगाऱ्यासारखा. उपयोगही साधारण तेवढाच.

चुकून पक्कं बिल घेतलं असेल तरी हिंमत सोडू नका. मशीनमधून निघणारं ते गुळगुळीत बिल शेगडीजवळच्या डब्यात ठेवलं की चार-सहा महिन्यांत पांढरंशुभ्र होतं. फक्त त्याचा फोटो काढून स्वतःलाच मेल करू नका. फोटोतली शाई उडत नाही. आणि हो, वॉरंटीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, खोका कधी उघडला त्यावरून नाही. तेव्हा पाडव्याला घेऊन संक्रांतीला खोका उघडणाऱ्याचे अडीच महिने आयतेच वाया जातात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

सीमाभागातल्या माणसाला इथे एक अडचण येते. कोल्हापुरात घेतलेला कन्सोल बेळगावात चालणार नाही, अशी आपली भाबडी आशा असते. पण कंपनीने भारतात विकलेला माल असेल तर वॉरंटी देशभर लागू असते. 1956 पासून आपण ज्या रेषेवर भांडतोय, ती रेष तिला दिसतच नाही. म्हणून जाणते लोक दुबईच्या मामांना सांगतात. तिकडचा माल स्वस्त पडतो, आणि तिथली वॉरंटी बहुधा तिथेच राहते.

आता मुख्य प्रसंग. गणपतीचे दिवस, म्हणजे दहावा महिना. फुटबॉलचा सामना चालू आहे, तुम्ही कंट्रोलर मांडीवर ठेवून मोदक खाताय आणि पडद्यावरचा तुमचा खेळाडू आपणहून डावीकडे चालायला लागतो. सावकाश, मान खाली घालून, जसा काही चोर्ला घाटातून गोव्याला निघालाय. याला ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक कंट्रोलरच्या काडीखाली, म्हणजे स्टिकखाली, कार्बनचा लेप दिलेली दोन छोटी वळणं असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. त्यावरून धातूचं बारीक बोट घासत जातं. लेप झिजला की काडी मधोमध उभी असूनही मशीनला ती कलल्यासारखी वाटते. हा वापरातून आलेला दोष, तुमचा हात आपटलेला नसेल तर वॉरंटीत बसण्याजोगा.

म्हणूनच तो बसणार नाही अशी व्यवस्था तातडीने करायला हवी. मी आधी फुंकर मारली, मग शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं. त्याने न भागल्यावर गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे नेलं. त्याने सपाट पेचकस घालून कवच उघडलं. कडेला दोन पांढरे ओरखडे उठले, आत तेलाचा डाग दिसला. "झालं बघा," तो म्हणाला, आणि खरंच झालं होतं. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर द्रवपदार्थ, आपटल्याच्या खुणा, बाहेरच्या माणसाने उघडणं, असे सगळे अपवाद छापलेले असतात. मी एका संध्याकाळी दोन पुरे केले.

आमच्या वरच्या मजल्यावर पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला असलेली एक पोरगी आहे. तिच्याही कंट्रोलरला त्याच आठवड्यात तेच झालं. तिने काय केलं ते सांगतो, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. तिने आधी मागच्या बारीक भोकात टाचणीने पाच सेकंद दाबून रीसेट केलं, मग केबल लावून कंट्रोलर पुन्हा जोडला. सेटिंगमध्ये जाऊन त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. दोन वेगळ्या गेममध्ये बघितलं. गेममधला 'डेड झोन' कमीत कमी ठेवला, कारण तो वाढवला की मशीन लहानसहान हालचाल सोडून देतं आणि दोष झाकला जातो. मग कंट्रोलर टेबलावर ठेवून, हात लांब घेऊन, खेळाडू चालतोय याचा सलग व्हिडिओ काढला. त्याच व्हिडिओत कंट्रोलर उलटा करून मागचा सीरियल नंबर दाखवला. ड्रिफ्ट कधी येतो, कधी लपतो. सेवा केंद्रातल्या टेबलावर तो नेमका शहाण्यासारखा वागला तर 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळतो. तिने तीही वाट बंद केली.

सेवा केंद्राचा नंबरही तिने गुगलवर पहिला दिसेल तो लावला नाही, खोक्यातल्या कार्डावरचा लावला. मी पहिला दिसेल तोच लावला होता. पलीकडचा गृहस्थ फार प्रेमळ, त्याने आधी एक ॲप उतरवायला सांगितलं आणि मग ओटीपी विचारला. तेवढ्यात बायकोने फोन काढून घेतला. नाहीतर वॉरंटीबरोबर बँकेतली शिल्लकही गेली असती.

केंद्रात ती फक्त कंट्रोलर, कन्सोलचं बिल आणि व्हिडिओ घेऊन गेली. कन्सोलसोबत आलेल्या कंट्रोलरला वेगळं बिल नसतं, हे तिने फोनवरच विचारून घेतलं होतं. अख्खा कन्सोल उचलून न्यायची गरज नव्हती.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ठेवून जावा, फोन करतो."

"जॉब शीट द्या की," ही म्हणाली.

"लिहितो नंतर."

"आत्ताच लिवा, मी थांबते."

जॉब शीटवर तिने सीरियल नंबर, तक्रार आणि 'बाहेरून ओरखडे नाहीत' हे वाक्य लिहून घेतलं, तारीख आणि शिक्का तपासला, कागदाचा फोटो काढला. शेवटच्या वाक्याने मला फार वाईट वाटलं. परत घेताना "हा ओरखडा तुमचाच" असं म्हणायची त्या बिचाऱ्याची संधीच तिने हिरावली. बारा दिवसांनी तिला बदली कंट्रोलर मिळाला. वॉरंटी मात्र नव्याने वर्षभर नाही, जुनीचे उरलेले दिवसच, हेही तिने कार्डावर आधी वाचून ठेवलं होतं.

नकार मिळाला असता तर पुढचीही पोरीची तयारी होती: नकार लेखी मागायचा, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, आणि तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या मालासाठीही बेळगावातच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षांची. मला ही मुदत फार आवडली, कारण तेवढ्यात विसरणं सहज जमतं.

माझा कंट्रोलर सध्या शोकेसमध्ये आहे, तेलाचा वास अजून येतो. सामना लावला की खेळाडू डावीकडे निघतो. परवा तर त्याने कोपऱ्यातल्या झेंड्याला धडक दिली आणि तिथेच चालत राहिला.