स्टेटसच्या यादीवरून माणसं तोलू नका

"स्टेटसला टाकलेला व्हिडिओ कोणी पाहिला ते यादीत बरोबर कळतं. नाव नाही म्हणजे त्याने मुद्दाम पाहिला नाही. जो सगळ्यात वर दिसतो तो सारखा सारखा पाहतो. आणि २४ तास झाले की व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमधून कायमचा जातो."

व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर फिरतो आहे आणि त्यावर विसंबून लोक एकमेकांवर रुसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी यादीत नसलेल्या नावाबद्दल. पाहणाऱ्याने सेटिंग्जमधल्या Privacy मध्ये जाऊन Read receipts बंद केलं असेल, तर त्याने तुमचा व्हिडिओ पाहिला तरी त्याचं नाव तुमच्या यादीत येत नाही. त्याने तुमचं स्टेटस टाळलंय की पाहिलंय, हे यादीवरून ठरवताच येत नाही. हे बटण दोन्ही बाजूंनी लागू होतं: तुम्ही स्वतः ते बंद ठेवलंत तर तुमचं स्टेटस कोणी पाहिलं हे तुम्हालाही दिसत नाही. यादी एकदम रिकामी दिसायला लागली, तर लोकांना दोष देण्याआधी स्वतःची ही सेटिंग तपासा.

समोरच्याचं बटण बंद आहे का, याचा अंदाज घ्यायचा एक साधा मार्ग आहे. समजा, तुमची मैत्रीण तुमच्या मेसेजला लगेच उत्तर देते, पण तुमच्या मेसेजवरच्या दोन टिका करड्याच राहतात, निळ्या होत नाहीत. उत्तर दिलं म्हणजे मेसेज वाचला हे उघड आहे, तरी टिका निळ्या नाहीत. याचा अर्थ बहुधा तिने Read receipts बंद ठेवलंय आणि तुमच्या स्टेटसच्या यादीतही ती दिसणार नाही. मात्र ही खूण दोघांमधल्या थेट संभाषणातच पाहा. ग्रुपमध्ये वाचल्याची खबर हे बटण बंद असलं तरी जातेच, त्यामुळे तिथे निळ्या टिका दिसल्या तरी काही सिद्ध होत नाही.

नाव नसण्याचं आणखी एक कारण आहे, ते लोकांच्या लक्षातच येत नाही. स्टेटस दिसण्यासाठी दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. तुम्ही त्यांचा नंबर जपून ठेवलाय, त्यांनी नवा फोन घेताना तुमचा गमावला, तर व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. यात राग धरण्यासारखं काय आहे?

सगळ्यात वरच्या नावाचा अर्थही प्रेम किंवा पाळत असा नसतो. नावासमोर पाहिल्याची वेळ असते आणि अगदी अलीकडे पाहणारा वर दिसतो. एकाच माणसाने व्हिडिओ दहा वेळा पाहिला तरी नाव एकदाच येतं. शिवाय व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की उघडून लगेच पुढे ढकलला, हेही यादी सांगत नाही.

२४ तासांचा हिशेब प्रत्येक व्हिडिओचा वेगळा असतो आणि तो टाकल्या क्षणापासून सुरू होतो. सोमवारी सकाळी नऊला एक व्हिडिओ टाकला आणि रात्री आठला दुसरा, तर पहिला मंगळवारी सकाळी नऊला जातो आणि दुसरा मंगळवारी रात्री आठपर्यंत राहतो. मंगळवारी पावणेनऊला फोन हातात घेणाऱ्याला पहिल्यासाठी पंधराच मिनिटं मिळतात. दुपारी उघडणाऱ्याला फक्त दुसराच दिसतो, आणि मग "तू मुख्य व्हिडिओ पाहिलाच नाहीस" म्हणून त्याला उगाच ऐकावं लागतं.

शेवटचा, "कायमचा जातो" हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. त्याच्या भरवशावर लोक मुलांचे, घराच्या आतले व्हिडिओ टाकतात. अ‍ॅपमधून व्हिडिओ जातो, पण पाहणाऱ्याने स्क्रीन रेकॉर्ड केली तर तुम्हाला त्याची सूचना येत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये तर पाहिलेलं स्टेटस एका लपवलेल्या फोल्डरमध्ये तात्पुरतं साठतं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/.Statuses
```

नावाआधी टिंब असल्यामुळे ते एरवी दिसत नाही. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू केला की दिसतं, आणि मुदत संपण्याआधी तिथून व्हिडिओ उचलून दुसरीकडे ठेवता येतो. ती प्रत मग २४ तासांनी जात नाही. तुम्ही मुदतीआधी स्टेटस डिलीट केलंत तरीही आधीच काढून घेतलेली प्रत राहतेच.

म्हणून निवड टाकण्याआधीच करा. स्टेटसच्या प्रायव्हसीत सगळे संपर्क, काहींना वगळून बाकीचे, किंवा फक्त निवडलेले असे तीन पर्याय आहेत. व्हिडिओ टाकून झाल्यावर ही सेटिंग बदलली, तर तिचा परिणाम पुढच्या स्टेटसवर होतो, आधीच टाकलेल्यावर नाही. चुकून नको त्या माणसाला गेलं असेल तर सेटिंग बदलत बसू नका, आधी ते स्टेटस डिलीट करा आणि मग यादी नीट करून पुन्हा टाका.