हॅश केलेला नंबर निनावी नसतो

"आमचं ॲप मोबाइल नंबर हॅश करूनच जाहिरात कंपनीला देतं, त्यामुळे पाळीची नोंद कुणाची ते कळत नाही."

कळतं. हॅश म्हणजे नंबरावरून गणिताने काढलेला कोड, आणि एका नंबराचा कोड दर वेळी तोच येतो. दहा अंकी नंबर फार तर 1000 कोटी. त्या सगळ्यांचे SHA-256 हॅश काढायला एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद पुरतात. एवढा खटाटोपही सहसा लागत नाही. तुमचा नंबर कंपनीकडे आधीपासून असेल, तर ती त्याचा हॅश काढते आणि दोन्ही जुळवते. हॅश मागितलेला असतो तो त्यासाठीच!

खरी गळती ॲप जाहिरात कंपनीला कळवतं त्या इव्हेंटच्या नावातून होते. हॅशसोबत `period_late_6d` गेलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. आरोग्याच्या स्क्रीनवरून ॲपमध्ये बसवलेल्या बाहेरच्या कंपनीच्या एसडीकेला काहीच जाऊ नये. स्वतःच्या मोजणीला `screen_open` आणि नंबराशी न जोडलेला रँडम आयडी पुरतो. नोंदी फोनवरच एन्क्रिप्ट करून ठेवाव्यात. खात्री करायची तर चाचणीच्या फोनला प्रॉक्सी लावून, ॲप मानेल असं तिचं सर्टिफिकेट बसवून एक खोटी तारीख भरा आणि बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्ट वाचा.

जाता जाता: स्क्रीनवर "अंदाजापेक्षा 6 दिवस उशीर" एवढंच लिहावं. "तुम्ही गरोदर असाल" हे निदान झालं, आणि तारखांवरून ते करता येत नाही.