पाहुण्याला ‘कझिन ब्रदर’ कसा दाखवावा

शिरोलीच्या एमआयडीसीत काम करत असाल, तर एक ना एक दिवस कास्टिंग बघायला इंग्लंडचा साहेब येणार आणि त्याला फिरवायचं काम तुमच्या गळ्यात पडणार. कारण एकच, तुमचं इंग्लिश चांगलं आहे. घाबरू नका. मी या प्रसंगातून गेलोय, वर साहेबाला घरच्या लग्नालाही नेलंय. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगतो. ते तंतोतंत पाळा, म्हणजे साहेब कोल्हापूर आयुष्यभर विसरणार नाही.

पहिल्या भेटीत हात पुढे करायचा आणि विचारायचं, “व्हॉट इज युवर गुड नेम, सर?” साहेब अर्धा क्षण थांबेल. ते थांबणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. त्याच्या भाषेत ‘गुड नेम’ म्हणजे अब्रू, नावलौकिक. कुणी बदनामी केली की माणूस ज्याच्यासाठी कोर्टात जातो, ते. म्हणजे तुम्ही त्याची अब्रू विचारली. बिचाऱ्यानं ‘डेव्हिड’ असं उत्तर दिलं, हा त्याचा मोठेपणा.

आता कुणी शहाणा सांगेल की नुसतं ‘युवर नेम’ म्हणा. ऐकू नका. आपल्या तोंडाला ते जातच नाही, कारण आपल्याकडं तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या, आणि इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच ‘यू’. अनोळखी, वयानं मोठ्या माणसाला ‘युवर नेम’ म्हणायचं म्हणजे ‘नाव काय रे तुझं’ असंच वाटतं. मग गाळलेला ‘आपण’ कुठंतरी भरून काढायला नको? तो हिंदीतल्या ‘शुभ नाम’वरून उचलून आपण ‘गुड’मध्ये भरला. बंगाल्यांचं तर याहून सोपं. त्यांच्यात घरी हाक मारायचं नाव वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं ‘भालो नाम’ वेगळं, म्हणजे सरळ सरळ चांगलं नाव. आपल्या गल्लीतही दहा पिंट्या आणि सहा बाळू असतात, ज्यांचं कागदावरचं नाव लग्नपत्रिका छापायच्या दिवशी पहिल्यांदा कळतं. गंमत एवढीच की खुद्द कोल्हापूरकर मराठीत कुणाला शुभनाव विचारत नाही. तो विचारतो, “पावणं, गाव कंचं?” शुभ वगैरे आपण फक्त इंग्रजीत होतो.

पण हे नुसतं तोंडी लावणं झालं. खरी कला नातेवाईक दाखवताना लागते.

माझ्या बहिणीचं लग्न होतं, कळंब्याच्या बाजूला एका कार्यालयात. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. साहेबाला फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं आणि स्टेजकडं बोट करून मी अभिमानानं सांगितलं, “सर, द बॉय इज माय कझिन ब्रदर. द गर्ल इज माय रिअल सिस्टर.”

साहेब म्हणाला, “राइट.” पण लांबवून म्हणाला. इंग्रज माणूस ‘राइट’ असा लांबवतो, तेव्हा त्याला काहीही राइट वाटत नसतं. ही दुसरी खूण. तिसरी म्हणजे ‘इंटरेस्टिंग’, ती जिलेबीच्या वेळी आली.

त्याला काय ऐकू आलं ते बघा. त्याच्या भाषेत ब्रदर म्हणजे एका आईबापाचा. कझिन म्हणजे त्याच्या बाहेरचा. एकच माणूस दोन्ही कसा असेल? म्हणून ‘कझिन’ त्यानं सोडून दिलं आणि ‘ब्रदर’ धरलं. नवरामुलगा माझा भाऊ, नवरी माझी बहीण, आणि मी फोटो काढतोय. त्यात ‘रिअल सिस्टर’ म्हटल्यावर त्याला प्रश्न पडला की यांच्यात खोट्या बहिणीही असतात काय. ‘सख्खी’ला इंग्रजीत शब्दच नाही, कारण तिकडं सगळ्याच बहिणी सख्ख्या. एखादा नायजेरियाचा गिऱ्हाईक असता तर त्यानं चटकन ओळखलं असतं. त्यांच्या इंग्रजीतही भाऊ म्हणजे सगळा गोतावळा, आणि सख्खा असेल तर ‘सेम फादर, सेम मदर’ असं ठासून सांगतात.

आपली बाजू अशी, की आपल्याला चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ अशा चार खणांत माणूस ठेवायची सवय. इंग्रजीनं हातात एकच खण दिला, त्यावरही बाई की बाप्या ते लिहिलेलं नाही. मग आपण ‘ब्रदर’ आणि ‘सिस्टर’ची चिठ्ठी चिकटवली. मुलगा की मुलगी ते कळलं, पण काकाचा, मामाचा, आत्याचा की मावशीचा, ही मुख्य गोष्ट तशीच राहिली. म्हणजे जे साहेबाला पुढच्याच वाक्यातल्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून आपोआप कळलं असतं ते आपण आवर्जून सांगितलं, आणि जे त्याला जन्मात कळणार नाही ते गाळलं. (इंग्रजीतला ‘ही’ म्हणजे तो. हा घोळ आपण केलेला नाही.) चुकूनही नुसतं ‘माय कझिन’ म्हणू नका, आणि ‘माय फादर्स सिस्टर्स सन’ तर अजिबात नको. साहेबाला एका दमात सगळं समजेल आणि मग लग्नात बोलायला विषय काय उरणार?

आमच्या लग्नात तर हा गाळलेला भागच महत्त्वाचा होता. नवरामुलगा माझ्या आत्याचा मुलगा. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यानं मामाची मुलगी केली. आपल्या भागात याच्यात नवल काहीच नाही. आत्याची मुलगी सहसा करत नाहीत आणि चुलतबहिणीचं नुसतं नाव काढलं तरी चप्पल निघेल, पण मामाच्या मुलीवर हक्कच. कोण चालतं आणि कोण चालत नाही, हे सगळं ‘मामे’, ‘आते’ आणि ‘चुलत’ या तीन शब्दांत ठरतं. इंग्रजीत तिघींचीही ‘कझिन सिस्टर’ होते. भाषांतर करताना आपण नेमका लग्नाचा कायदाच पुसून टाकतो आणि वर ‘सिस्टर’ लिहून पाहुण्याच्या घशात जिलेबी अडकवतो.

साहेबाला बरं वाटावं म्हणून मी त्याच्या घरचं उदाहरण दिलं. चार्ल्स डार्विननं 1839 साली एमा वेजवुडशी लग्न केलं. एमा डार्विनच्या आईच्या भावाची मुलगी. म्हणजे मामाची मुलगी, एकदम आपल्या रीतीप्रमाणं. त्याच्या दोनच वर्षं आधी एमाच्या भावानं डार्विनची बहीण केली होती, म्हणजे साटंलोटंही झालं. साहेबाला डार्विन माहीत होता, मामा माहीत नव्हता. “शी वॉज हिज कझिन,” एवढंच तो म्हणाला. त्यात ‘सिस्टर’ नव्हतं, त्यामुळं त्याला काही वाटलंही नाही.

खरं तर हा दुष्काळ त्यांच्याकडं पहिल्यापासून नव्हता. नॉर्मन लोक 1066 मध्ये यायच्या आधी जुन्या इंग्रजीत काकाला वेगळा शब्द होता आणि मामाला वेगळा. पुढं फ्रेंचमधून ‘अंकल’ आला आणि दोघांना गिळून बसला. हा अंकल मुळात लॅटिन ‘अव्हुंक्युलस’, त्याचा अर्थ फक्त मामा. ‘आंट’चं मूळ ‘अमिता’, म्हणजे बापाची बहीण, आत्या. आणि ‘कझिन’ ज्यापासून आला तो ‘कोन्सोब्रिनुस’ म्हणजे मुळात मावसभाऊ. तेव्हा सोसायटीतल्या वॉचमनपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पोरं अंकल म्हणतात, त्यात गैर काही नाही. कोल्हापुरात मामा म्हणायचंच तर आहे. फक्त आतेभावाला ‘कझिन ब्रदर’ म्हणताना आपण व्युत्पत्तीनं ‘मावसभाऊ भाऊ’ म्हणतोय, एवढं आत्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

नात्यांचं झालं की बाकीची ओळख करून द्या. बहीण शिकलेली आहे हे सांगायचंच असतं. मी म्हणालो, “शी पास्ड आऊट लास्ट इयर.” साहेबानं काळजीनं स्टेजकडं बघितलं आणि विचारलं, उकाड्यामुळं का? त्याच्याकडं पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं. प्रशिक्षण संपल्यावर लष्करात पासिंग आऊट परेड होते, तिथला शब्द आपण कॉलेजला आणला. परेड मागंच राहिली, नुसतं पडणं हातात आलं. मग मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं हात केला, “माय ग्रँडफादर. एक्सपायर्ड.” हे त्याला समजलं असावं, कारण त्यानं हातातल्या मठ्ठ्याच्या ग्लासाकडं एकदा बघून घेतलं.

शेवटी त्यानं खिशातून पेन काढलं आणि कागदी नॅपकिनवर आमची वंशावळ काढायला घेतली. इंजिनिअरच तो, ड्रॉइंग नसलं की त्याला झोप येत नाही. माझे वडील, खाली मी आणि बहीण. वडिलांशेजारी आत्या, तिच्या खाली नवरामुलगा. त्यानं बहिणीपासून नवऱ्याकडं रेघ ओढली आणि तिथंच थांबला, कारण आता माझी आत्या माझ्या बहिणीची सासू झाली होती आणि माझे वडील स्वतःच्या भाच्याचे सासरे. “व्हॉट विल शी कॉल हर नाऊ?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, काही बदलत नाही. आपल्याकडं नवी नवरी परक्या घरात गेली तरी सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामंजी. मामाची मुलगी करायची रीत एवढी मुरलेली की नातं नसलं तरी हाक तीच. आमच्या बहिणीची हाक तर आधीपासूनच खरी होती. आत्याच्या नवऱ्यालाही आमच्याकडं मामाच म्हणतात, त्यामुळं तिथंही ती नवीन काही शिकणार नव्हती.

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका, त्यात ‘अंकल’ अकरा वेळा आला.

साहेब गेला. महिन्याभरानं कास्टिंगच्या रिपोर्टबरोबर त्याचा मेल आला. खाली एक ओळ होती, ‘रिगार्ड्स टू युवर कझिन ब्रदर-इन-लॉ.’ ऑफिसातल्या एम. ए. इंग्लिशवाल्या मॅडम म्हणाल्या, असा शब्दच नसतो. मी मोबाईल नवरदेवाला नेऊन दाखवला. आतेभाऊ होता, आता दाजी झालाय. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, “बरोबर लिवलंय की रं. एवढं तर तुलाबी जमलं न्हवतं.”